एकशे चार टक्के तांबं

जुलैची दुपार होती. फोंड्याकडचा पाऊस एकदा लागला की समोरचा डोंगरही दिसत नाही, तसा तो लागला होता. लॅबच्या खिडक्या बंद, पंखे चालू, तरी जर्नलची पानं हाताला ओलसर लागत होती. विजेने पत्र्यावर तांबं चढवायचं आणि हिशेबाने यायला हवं तेवढं चढलं का हे वजन करून पाहायचं, असा प्रयोग चालू होता. तिसऱ्या टेबलावरच्या बारावीतल्या मुलीने कॅल्क्युलेटर माझ्यापुढे धरला. "सर, १०४ टक्के येतंय. जेवढी वीज दिली, तेवढ्यात बसत नाही एवढं तांबं चढलंय."

बाकीच्या टेबलांवर ९५, ९७ असे आकडे आले होते आणि तिथे कोणालाच काही खटकलं नव्हतं. 'थोडं वाया जातंच' असं म्हटलं की ९५ चं समाधान होतं. १०४ चं तसं होत नाही. मला विचाराल तर त्या दिवशी लॅबमधला सगळ्यात कामाचा आकडा तोच होता. तो कुठून आला हे शोधायला लागलं की ९५ सुद्धा 'वाया गेलेलं तांबं' नव्हतं, हे कळतं.

आधी हिशेब कसा करतात ते पाहू. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या पाण्यात तांबं आयनांच्या रूपात असतं. प्रत्येक आयनावर दोन इलेक्ट्रॉनांची उणीव असते. कॅथोडवर, म्हणजे विजेच्या ऋण टोकाला जोडलेल्या पत्र्यावर, त्याला ते दोन इलेक्ट्रॉन मिळाले की तो तांब्याचा अणू होऊन पत्र्यावर बसतो. एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन, एवढाच हा व्यवहार आहे, आणि त्यात सवलत नाही. म्हणून तारेतून किती इलेक्ट्रॉन गेले हे कळलं की किती अणू बसले हे कळलंच पाहिजे. मायकेल फॅरेडेने १८३०च्या दशकात हे वजन करून दाखवलं, तेव्हा इलेक्ट्रॉन नावाची वस्तू कोणाला ठाऊकही नव्हती.

इलेक्ट्रॉन एकेक करून मोजायचे नसतात. आमच्याकडे कुळागरवाला सुपाऱ्या मोजत बसत नाही, वजन करतो. एका सुपारीचं सरासरी वजन ठाऊक असेल तर पोत्यात किती सुपाऱ्या आहेत हे त्यावरून निघतं. इथे पोत्याच्या जागी मोल आहे. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कुलोम भरतो. एक मोल तांब्याचं वजन ६३.५५ ग्रॅम, आणि त्याला दोन मोल इलेक्ट्रॉन लागतात. मांडणी अशी:

m = (I × t × M) / (n × F)

इथे I म्हणजे अँपिअरमधली धारा, t म्हणजे सेकंदांतला वेळ, M म्हणजे ६३.५५, n म्हणजे २ आणि F म्हणजे ९६,४८५. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यातून निघणारा एक आकडा लक्षात ठेवलेला बरा: एका कुलोमला ०.३२९३ मिलिग्रॅम तांबं. एक अँपिअर धारा एक सेकंद वाहिली की एक कुलोम होतो. अर्धा अँपिअर अर्धा तास वाहिला तर ०.५ गुणिले १८०० म्हणजे ९०० कुलोम, आणि तांबं ०.२९६४ ग्रॅम. 'सैद्धांतिक वस्तुमान' म्हणून जर्नलमध्ये जातो तो हाच आकडा.

आमची मांडणी साधी आहे. बीकरमध्ये एक लिटर पाण्याला १५० ग्रॅम कॉपर सल्फेट, ५० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल आणि ५० मिलिलिटर अल्कोहोल या प्रमाणात द्रावण. आम्ल नेहमी पाण्यात सावकाश ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. आम्लामुळे द्रावणातून वीज सहज वाहते आणि तांब्याची ऑक्साइडं पत्र्यावर बसत नाहीत. अल्कोहोलमुळे ताज्या तांब्याचं ऑक्सिडेशन कमी होतं. मधोमध कॅथोडचा पत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंना धन टोकाला जोडलेला एकेक ॲनोडचा पत्रा, तिन्ही शुद्ध तांब्याचे. कॅथोडचा पाच सेंटिमीटर लांब-रुंद भाग द्रावणात बुडतो, म्हणजे दोन्ही बाजू धरून ५० चौरस सेंटिमीटर. अर्ध्या अँपिअरला दर चौरस सेंटिमीटरमागे १० मिलिअँपिअर येतात. एवढ्या धारेत तांबं सालमनी रंगाचं, गुळगुळीत आणि पक्कं बसतं. घाई करून धारा चौपट केली तर पत्र्याजवळचे आयन संपत जातात, नवे तितक्या वेगाने पोचत नाहीत, आणि कडांवर काळपट लाल भुकटी धरू लागते. ती धुताना निघून जाते आणि वजनही तिच्याबरोबर जातं.

कॅथोडला पत्राच का, असं मुलं विचारतात. त्यांना घरची जुनी लोखंडी किल्ली तांब्याने मढवायची असते. किल्ली द्रावणात नुसती बुडवली, तार जोडलीसुद्धा नाही, तरी ती लालसर होते. लोखंड स्वतः विरघळतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन घेऊन तांबं बसतं. ५५.८५ ग्रॅम लोखंड गेलं की ६३.५५ ग्रॅम तांबं येतं. वजनकाटा फक्त फरक दाखवणार, आणि त्या फरकाचा अ‍ॅमीटरशी काही संबंध नाही. शिवाय असं बसलेलं तांबं बोटाने पुसलं जातं. फॅरेडेचा नियम तपासायचा असेल तर किल्ली घरीच राहू द्यावी.

मोरचुदाचंही तसंच. पोफळींवर कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत मोरचूद असतोच. पण त्यात लोखंडाचे क्षार मिसळलेले असू शकतात. फवारणीला त्याने काही बिघडत नाही. आमच्या बीकरमध्ये मात्र फेरिक आयन बसलेलं तांबं परत विरघळवतो, आणि उत्तर का कमी आलं हे कळायला मार्ग राहत नाही. लॅबमध्ये बाटलीतलंच कॉपर सल्फेट वापरावं.

आता १०४ कडे येऊ.

त्या मुलीच्या टेबलावरची धारा अर्धा तास ०.५० वर स्थिर होती. तिने दर पाच मिनिटांनी ती लिहून ठेवली होती. अपेक्षित वजन ०.२९६४ ग्रॅम, काट्यावर वाढ ०.३०८३ ग्रॅम. एका आयनाला दोनपेक्षा कमी इलेक्ट्रॉन पुरले असते तरच वजन जास्त आलं असतं, आणि या द्रावणात कॅथोडवर ते होत नाही. मग वाढलेलं वजन तांब्याचं नसणार. मी तिला विचारलं, "पत्रा वाळवलास कसा?"

"पुस्तकात दिलंय तसं, सर. डिस्टिल्ड वॉटरने धुतला, मग ॲसिटोनमध्ये बुडवून काढला. लगेच वाळला."

पुस्तकात दिलं होतं ते बरोबरच होतं. फक्त ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोव्यातला जुलै नसावा. ॲसिटोन भराभर उडतं आणि उडताना पत्र्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून पत्रा थंड होतो. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तेव्हा वस्तू जेमतेम दोन अंशांनी थंड झाली तरी तिच्यावर दव धरतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो तसंच. बाटलीवरचे थेंब दिसतात, पत्र्यावरचा हा थर दिसत नाही. पत्रा कोरडा वाटतो, थोडा निस्तेज दिसतो इतकंच.

एवढ्या पातळ ओलाव्याने चार टक्के फरक पडेल का, हे मोजून पाहण्यासारखं आहे. बसलेलं तांबं ०.२९६ ग्रॅम, घनता ८.९६, पसरलं ५० चौरस सेंटिमीटरवर. थराची जाडी निघते ६.६ मायक्रॉन. आपण ज्याचं वजन करायला निघालो आहोत तो थर माणसाच्या केसाच्या दहाव्या भागाएवढाही जाड नाही. त्यावर तीन मायक्रॉनपेक्षा कमी पाणी बसलं की १४ मिलिग्रॅम होतात, आणि जास्त आलेलं वजन १२ मिलिग्रॅमच होतं. वस्तू फार पातळ आणि पृष्ठभाग फार मोठा, त्यामुळे इथे दवसुद्धा तांब्याच्या बरोबरीने मोजलं जातं.

आम्ही पत्रा परत धुऊन वाळवला, या वेळी ॲसिटोनविना. पाण्याचा थेंब खालच्या कोपऱ्यावर जमू दिला आणि तो फिल्टर पेपरच्या कडेने टिपून घेतला, पृष्ठभागाला कागद लावला नाही. मग हेअर ड्रायरची कोमट हवा दिली, म्हणजे पत्रा हवेपेक्षा गरम राहतो आणि त्यावर दव धरू शकत नाही. नंतर सिलिका जेल भरलेल्या डेसिकेटरमध्ये थंड होऊ दिला. वजन केलं, परत दहा मिनिटं आत ठेवला, परत वजन केलं. दोन्ही वेळा ०.२९४१ ग्रॅम वाढ आली. ९९.२ टक्के. लागोपाठची दोन वजनं सारखी येईपर्यंत पत्रा वाळला असं म्हणू नये, आणि हवा फार गरमही करू नये. ताजं तांबं तापलं की तांबूस-जांभळी झाक धरतं. ते ऑक्साइड असतं, आणि त्यातल्या ऑक्सिजनचं वजनही काटा तांब्याच्या खात्यात टाकतो. ॲसिटोन वापरलंच असेल तर ते पूर्ण उडून गेल्याशिवाय ड्रायर जवळ आणू नये, कारण ते झटकन पेट घेतं.

मग मी पहिल्या टेबलाकडे गेलो. तिथे ९५.६ टक्के आले होते. कॅथोडची वाढ ०.२८३५ ग्रॅम, अपेक्षा ०.२९६४. कारण म्हणून 'हायड्रोजन वायू तयार झाला' असं लिहिलंही होतं. हे कारण क्रोमियमला शोभतं. तिथे बरीचशी वीज खरोखरच हायड्रोजनवर खर्च होते आणि धातूच्या वाट्याला दहा-वीस टक्केच येते. तांबं मात्र हायड्रोजनच्या आधी इलेक्ट्रॉन उचलतं. आमच्या एवढ्या कमी धारेत, भरपूर आयन असलेल्या द्रावणात, कॅथोडवर बुडबुडे दिसायला नकोत. "बुडबुडे पाहिलेत का?" म्हटल्यावर सगळे गप्प.

त्यांच्याकडेही दर पाच मिनिटांच्या नोंदी होत्या: ०.५०, ०.४९, ०.४९, ०.४८, ०.४८, ०.४७, ०.४७. धारा हळूहळू उतरत गेली होती. क्लिपच्या जोडावर गंज असला, वीजपुरवठ्याचं खोकं तापलं, की असं होतं. रिओस्टॅट सरकवून धारा पुन्हा जागेवर आणायची असते, ते राहून गेलं. पण गणित करताना त्यांनी पहिलाच आकडा घेतला, कारण सूत्रात I एकच आहे. प्रत्यक्षात सूत्राला धारा नको असते, एकूण प्रभार हवा असतो. दर पाच मिनिटांच्या तुकड्याची सुरुवात आणि शेवट यांची सरासरी घेऊन सहाही तुकडे जोडले तर सरासरी धारा ०.४८२५ अँपिअर येते. प्रभार ८६८.५ कुलोम. अपेक्षित तांबं ०.२८६० ग्रॅम. मग कार्यक्षमता ९९.१ टक्के.

हरवलेलं बहुतेक तांबं कुठे गेलंच नव्हतं, कारण ते येणारच नव्हतं. म्हणून मी मुलांना सांगतो की जर्नलमध्ये सैद्धांतिक वस्तुमान शिक्क्यासारखं छापू नका. तो आकडाही तुम्हीच मोजलेल्या धारेवर उभा आहे, आणि अ‍ॅमीटर वजनकाट्यापेक्षा कच्चा आहे. आमच्या काट्याला मिलिग्रॅमचा दहावा भाग दिसतो. काटेवाल्या अ‍ॅमीटरवर ०.०१ ची चूक सहज होते, आणि अर्ध्या अँपिअरमध्ये ती दोन टक्के असते. त्यामुळे ९९.१ आणि ९९.२ यांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही.

अ‍ॅमीटरच कच्चा असेल तर ९९ वर तरी विश्वास कसा ठेवायचा? यासाठी ॲनोडचंही वजन करावं लागतं. बहुतेक लॅबमध्ये ते करत नाहीत, याची मला खरंच खंत वाटते. कॅथोडवर येणारं आणि ॲनोडवरून जाणारं तांबं एकाच प्रभारावर चालतं. अ‍ॅमीटर खोटं बोलला तरी दोघांशी सारखंच खोटं बोलतो. दोघांतला फरक मात्र त्याच्या हाती नसतो.

पहिल्या टेबलावर दोन्ही ॲनोडांची मिळून घट ०.२९२१ ग्रॅम होती, म्हणजे १०२.१ टक्के. कॅथोड अडीच मिलिग्रॅमने मागे, ॲनोड सहा मिलिग्रॅमने पुढे. ॲनोड पुढे का जातो याचं कारण सुरेख आहे. तिथून निघताना बहुतेक तांबं दोन इलेक्ट्रॉन सोडून निघतं, पण थोडं एकच सोडून निघतं. त्याला क्युप्रस आयन म्हणतात. एका इलेक्ट्रॉनच्या हिशेबात एक अख्खा अणू गेला, म्हणून घट वाढते. हे क्युप्रस आयन पाण्यात फार टिकत नाहीत. दोन भेटले की एक पुरा आयन होतो आणि दुसरा धातू होऊन भुकटीच्या रूपात पडतो. बीकरच्या तळाशी, ॲनोडखाली, तपकिरी-लाल गाळ दिसतो, त्यात हे तांबं असतं. त्याशिवाय आम्लात विरघळलेला हवेतला ऑक्सिजन तिन्ही पत्र्यांवरचं तांबं थोडंथोडं खातच असतो. त्याला वीज लागत नाही, म्हणून त्याची नोंद अ‍ॅमीटरवर होत नाही. त्यामुळे कॅथोड थोडा मागे राहतो आणि ॲनोड आणखी पुढे जातो. घरी तांब्याच्या कळशीवरचा काळा थर चिंचेने निघतो तो आम्लामुळे. इथे मात्र आम्ल आणि हवा मिळून चकचकीत तांब्यावरही हात मारतात. म्हणून वेळ संपल्यावर धारा चालू असतानाच कॅथोड बाहेर काढावा आणि लगेच धुवावा. बंद करून गप्पा मारत बसलात तर चढलेलं उतरायला लागतं.

तेव्हा ठीकठाक झालेल्या प्रयोगात कॅथोड शंभरच्या किंचित खाली आणि ॲनोड किंचित वर असतो, आणि हिशेबाचा आकडा दोघांच्या मध्ये पडतो. कॅथोड बराच खाली आणि ॲनोड जागेवर असेल तर चढलेला थर कुठेतरी गळला आहे. धुण्याच्या पाण्यात भुकटी शोधावी. कॅथोड वर गेला असेल तर ओलावा, ऑक्साइड किंवा न धुतलेला क्षार पाहावा.

दुसऱ्या टेबलावर मात्र वेगळंच निघालं. धारा शेवटपर्यंत ०.५० वर स्थिर, अपेक्षा ०.२९६४. कॅथोडची वाढ ०.२८७२, म्हणजे ९६.९ टक्के. पत्रा गुळगुळीत, धुण्याचं पाणी स्वच्छ. त्यांनी ॲनोडचं वजन केलं तर घट ०.२९१७, म्हणजे ९८.४ टक्के. ॲनोड शंभरच्या खाली! एका अणूने दोनपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन सोडले असते तरच हे शक्य होतं, आणि तांबं इथे तसं करत नाही. ॲनोडवर ऑक्सिजनचे बुडबुडेही नव्हते. दोन्ही पत्रे मिळून एकच सांगत होते की वीजच कमी गेली आहे. प्रत्यक्ष धारा ०.४९ धरली तर अपेक्षा ०.२९०४ होते, कॅथोड ९८.९ वर जातो आणि ॲनोड १००.४ वर. सगळं नेहमीच्या जागी येऊन बसलं.

पूर्वी वीज मोजायची रीत खरोखर अशीच होती. १८९३ मध्ये शिकागोला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अँपिअर ठरला तो चांदीवरून: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी बसवते ती धारा एक अँपिअर. ही आंतरराष्ट्रीय एककं १९४८ पर्यंत चालली. तेवढी वर्षं मीटरचा खरेखोटेपणा वजनकाट्यावर ठरत होता.

आम्ही दुसऱ्या टेबलावरचा अ‍ॅमीटर सोडवून तारांशिवाय टेबलावर सपाट ठेवला. काटा शून्यावर न थांबता त्याच्या उजवीकडे अर्धा घर सरकून उभा होता. एक घर ०.०२ चं. मुलांनी स्क्रूड्रायव्हरने शून्याचा स्क्रू फिरवून काटा जागेवर आणला, आणि त्या बॅचच्या सहाही जर्नलांमध्ये ०.५० खोडून ०.४९ लिहिलं.